एक मोटर, एक चोर आणि तीन शिक्षा

१९९४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा दुसरबीडला बँकेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. बुलढाणा जिल्ह्याचा हा घाटावरचा भाग, सिंदखेडराजा तालुक्यातला. सकाळी शाखेचे शटर वर जायच्या आधीच एक वयस्क शेतकरी पायरीवर येऊन बसलेले दिसले. डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतलेला. मला पाहताच उठले आणि म्हणाले, "साहेब, मोटर गेली."

मोटर म्हणजे विहिरीवरचा तीन अश्वशक्तीचा विजेचा पंप. आमच्याच कर्जातून तीन वर्षांपूर्वी घेतलेला, बावन्नशे रुपयांचा. कर्जातली वस्तू असल्यामुळे तिच्या अंगावर लाल ऑइलपेंटने बँकेचे नाव आणि 'तारण' हा शब्द रंगवलेला होता. आदल्या रात्री काका पुतणीच्या लग्नाला परगावी गेले होते. गहू नेमका ओंबीवर आलेला. परत येऊन पाण्याची पाळी द्यायला विहिरीवर गेले, तर चौथरा रिकामा.

चोरी याहून साधी असू शकत नाही. दरोडा नाही, मारहाण नाही, घरफोडी नाही. वर्तमानपत्रात आली तर चार ओळींची बातमी. पण गेली तीस वर्षे शिक्षेविषयी काही वाचले, कुठे वाद ऐकला, की माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा चौथरा येतो. गुन्हेगाराला शिक्षा का करायची, या प्रश्नाची तीन उत्तरे शास्त्री-पंडितांनी देऊन ठेवली आहेत. केले त्याचे फळ म्हणून. इतरांना जरब बसावी म्हणून. आणि गुन्हेगार सुधारावा म्हणून. पुस्तकी भाषेत प्रतिशोधात्मक, प्रतिरोधात्मक आणि सुधारणावादी सिद्धांत. खुनाच्या खटल्यात या तिन्हींचा कल्लोळ होतो आणि काही कळेनासे होते. म्हणून आज मी ती मोटरच तराजूत टाकणार आहे.

आधी घटना पुरी सांगतो. त्यात माझाही एक अपराध आहे, तोही सांगायलाच हवा.

तारण वस्तू चोरीला गेली म्हणून पाहणीसाठी मी त्याच दिवशी विहिरीवर गेलो. दोन गोष्टी नजरेत भरल्या. वायर तोडलेली नव्हती. स्टार्टरमधून स्क्रू ढिले करून ती व्यवस्थित सोडवून घेतली होती. आणि चौथऱ्याचे चार नट खोलून एका फुटक्या डब्यात नीट जमवून ठेवले होते. अंधारात घाईने मोटर उपटून नेणारा माणूस नट जपून ठेवत नाही. ज्याच्या हाताला ती सवय लागली आहे तोच ठेवतो. हे काम मोटरी खोलणाऱ्या, बांधणाऱ्या कुणाचे तरी होते. मला हे कळले. पण मी काही बोललो नाही. बँकेच्या माणसाने पाहणीचा अहवाल लिहावा, तपास पोलिसांनी करावा, अशी माझी त्या वेळची शिस्त.

तोवर गावात वेगळेच ठरले होते. गावाबाहेर फासेपारध्यांची पाच-सहा पाले होती. "त्यांच्याशिवाय कोण?" एवढ्या दोन शब्दांवर तपास संपला. त्याच संध्याकाळी दोन तरुणांना उचलून ठाण्यात नेले आणि दोन रात्री ठेवले. तिसऱ्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा त्यातल्या एकाला सरळ चालता येत नव्हते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच आरोप चिकटवला. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कलंक कागदावरून पुसला. त्याला बेचाळीस वर्षे होत आली होती, पण ती बातमी आमच्या गावापर्यंत पोचलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मला राहवले नाही. काकांना सोबत घेऊन मी ठाण्यात गेलो आणि नटांची गोष्ट सांगितली. पुढे फार वेळ लागला नाही. जालन्याच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे मोटर सापडली. लाल रंग खरवडलेला होता, पण 'तारण'मधला 'ता' शिल्लक होता. भंगारवाल्याने विकणाऱ्याचे वर्णन दिले. तो गावातलाच एकोणीस वर्षांचा मुलगा निघाला. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो दोन वर्षे हाताखाली काम करीत होता. सायकलच्या कॅरिअरला बांधून त्याने मोटर नेली होती. भंगारवाल्याने त्याच्या हातावर साडेचारशे रुपये ठेवले होते. मटक्याची उधारी चारशेची होती.

आता जुना बँकवाला आहे, तेव्हा हिशेब मांडतोच. चोराला मिळाले साडेचारशे. पंचनाम्यात वापरलेली वस्तू म्हणून मोटरीची किंमत लावली तीन हजार. काकांना भाड्याचे ऑइल इंजिन मिळेपर्यंत आठ दिवस गेले, ऐन ओंबीत गव्हाची पाळी चुकली, आणि सोळा क्विंटलच्या अंदाजाला दहा क्विंटल उतरला. त्या वेळच्या भावाने ते एकवीसशे रुपये. इंजिनाचे भाडे आणि डिझेल नऊशे. म्हणजे काकांचे नुकसान सहा हजारांचे, आणि नसलेल्या मोटरीचे हप्ते चालूच. एकाच चोरीच्या या तीन किमती झाल्या: साडेचारशे, तीन हजार आणि सहा हजार. शिक्षा यांपैकी कोणत्या आकड्याच्या प्रमाणात द्यायची?

पहिला सिद्धांत इथेच अडखळतो. केले त्याचे फळ मिळाले पाहिजे, हे आपल्या रक्तातच आहे. 'करावे तसे भरावे' हे आपण पोरांना जेवताना शिकवतो. पण डोळ्याबद्दल डोळा म्हणणे सोपे आहे, मोटरीबद्दल काय? चोराजवळ मोटर नव्हतीच. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९७ मध्ये याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. तो म्हणतो, जो चोरी करतो तो एकट्याची वस्तू नेत नाही. तो सगळ्यांचीच मालकी असुरक्षित करतो. म्हणून त्याची स्वतःचीही मालकी उरत नाही. मग त्याला पोसणार कोण? सरकार. आणि सरकार फुकट पोसणार नाही, म्हणून त्याने सरकारने सांगितलेले कष्ट उपसावेत. युक्तिवाद मोठा डौलदार आहे. पण किती दिवस उपसावेत, याचे उत्तर त्यातून निघत नाही.

आपल्या जुन्या दंडविचारात या मापाविषयी एक वेगळी कल्पना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरीचा दोष वर्णाप्रमाणे वाढत जातो: शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक. अट एकच, की त्याला चोरीतला गुणदोष कळत असावा. त्याच ग्रंथात इतरत्र याच्या नेमका उलटा पक्षपात आहे, हे विसरून चालणार नाही. पण इथला विचार असा, की ज्याला जास्त कळते त्याचा दोष जास्त. तो आमच्या खटल्याला लावून पाहा. पोराने मोटर नेली, पण लाल रंग दिसत असताना ती साडेचारशेला घेणारा भंगारवाला काय अजाण होता? चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा, आणि त्याला शिक्षाही चोरीइतकीच, तीन वर्षांपर्यंतची. प्रत्यक्षात काय झाले? भंगारवाल्याकडे जामीनदार होते. तो त्याच दिवशी घरी गेला. पोराला जामीनदार मिळाला नाही. तो अडतीस दिवस आत राहिला. आरोप सिद्ध होण्याच्या आधी. फळाचा सिद्धांत कोर्टात निकालाच्या दिवशी उभा राहतो. त्याच्या आधीची शिक्षा मात्र ऐपत पाहून मिळते. आजही देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत.

तरीसुद्धा या पहिल्या सिद्धांताची एक बाजू मला फार उशिरा कळली. ती शेवटी सांगतो.

दुसरा सिद्धांत जरबेचा. गावातल्या पारावर हाच एकमुखी होता. "असा धडा शिकवा, की पुन्हा कोणी मोटरीले हात लावला नाही पाहिजे." मी त्यांना दोष देत नाही. मोटर विहिरीवर, विहीर शेतात आणि शेत गावापासून दोन कोस. कुलपाच्या भरवशावर शेतकरी झोपत नाही, तो धाकाच्या भरवशावर झोपतो. पण जरब कशाने बसते? तीन वर्षांच्या जागी तेरा वर्षे केली तर चोर घाबरेल का?

त्या मुलाला त्याच्या मिस्त्रीने पुढे एकदा विचारले, "लेका, तुले भेव नाही वाटलं?" तो म्हणाला, "वाटलं ना. पण काका लग्नाले गेले व्हते." या एका वाक्यात जरबेचे सगळे शास्त्र आहे. भारतीय दंड संहितेचे ३७९ वे कलम त्याला ठाऊक नव्हते. शिक्षा किती वर्षांची, हा हिशेब त्याने केलाच नव्हता. त्याने केला तो सापडण्याचा हिशेब, आणि त्या रात्री तो शून्याच्या जवळ आला होता. बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ साली हेच लिहून ठेवले: शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की होणार, ही खात्री माणसाला अधिक रोखते.

आणि कठोरपणा वाढवला की ती खात्री उलट कमी होते, याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. अठराव्या शतकात तिथे राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीची वस्तू चोरली तर फाशी होती. झाले काय? पंच म्हणून बसलेल्या साध्या माणसांना कपड्यालत्त्यासाठी कुणाला फासावर चढवणे जड जाऊ लागले. मग ते शपथेवर वस्तूची किंमत ठरवू लागले, एकोणचाळीस शिलिंग! वस्तू उघडउघड कितीतरी महाग असली तरी एकोणचाळीस. कायदा इतका भयंकर होता, की तो लागू होऊ नये म्हणून सज्जन माणसे खोटे बोलू लागली.

आमच्या भागात त्या खटल्याने जरब बसली का? पुढच्या हिवाळ्यात आजूबाजूच्या शिवारांतून आणखी दोन मोटरी गेल्या. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. लोकांनी नटांवर वेल्डिंगचा टाका मारून घेतला. काहींनी मोटरीवर खोबणी पाडून नाव कोरले, म्हणजे ते खरवडता येऊ नये आणि भंगारवाल्याला घेताना भीती वाटावी. भंगाराचा रस्ता अडला की चोरीचा निम्मा जीव जातो, हे शेतकऱ्यांना कोणत्याही सिद्धांताशिवाय कळले होते.

पण जरबेच्या सिद्धांतातली खरी भयानक गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती पुस्तकात वाचण्याआधी मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दोन पारधी तरुणांना मारले त्या दोन दिवसांत गाव शांत होते, समाधानी होते. चोर सापडला, त्याला तुडवला, आता कुणाची हिंमत होणार नाही, असे लोक म्हणत होते. जरब बसायला तेवढे पुरते. खरा चोर सापडण्याची जरबेला गरजच नाही. लोकांना चोर सापडला असे वाटले म्हणजे झाले. हेतू 'इतरांना धाक' एवढाच असेल, तर निरपराध माणसाची पाठ त्या कामाला तितकीच चालते. किंबहुना अधिक स्वस्तात चालते, कारण त्याचा वकील नसतो.

तिसरा सिद्धांत सुधारणेचा, आणि तो आपल्या मराठी मनाला विशेष जवळचा. औंध संस्थानात १९३९ मध्ये मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आणि राजेसाहेब पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. जन्मठेपेचे कैदी तिथे बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय शेती करू लागले. त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, कथा ग. दि. माडगूळकरांची. सिंदखेडराजाच्या जत्रेत तंबूत बसून मी तो लहानपणी पाहिला होता आणि रडलो होतो.

पण आमच्या मोटरचोराला तो मार्ग मोकळा नव्हता. खुल्या कारागृहात जायचे तर साधारणपणे मोठी शिक्षा भोगत असावे लागते. खुनी माणसाच्या सुधारणेला सरकारजवळ दहा वर्षे असतात. साध्या चोराला तीन महिने सजा झाली तर त्याला शिकवायचे काय आणि केव्हा? तीन महिन्यांत तो एवढेच शिकतो, की भंगारवाला जालन्याचा नको, लांबचा पाहावा. छोट्या गुन्ह्याच्या बाबतीत सुधारणा तुरुंगात होत नाही. झालीच तर तुरुंगाबाहेर होते.

त्यासाठीही आपल्याकडे कायदा आहे आणि तो जुना आहे. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. बोलीभाषेत याला 'बॉण्डवर सोडणे' म्हणतात. पहिलाच गुन्हा असेल तर न्यायाधीश शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आरोपीला सोडू शकतात, आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतात. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर अशा साध्या गुन्ह्यात त्याला तुरुंगात का पाठवले, याची कारणे उलट न्यायाधीशांनाच लिहून द्यावी लागतात. आणि अशा सुटकेमुळे पुढे नोकरीबिकरीत त्या दोषसिद्धीचा अडथळा येऊ नये, अशीही तरतूद त्यात आहे.

सुधारणेचा धोका कुठे आहे? तोही त्याच कनवाळूपणात आहे. माणूस 'सुधारेपर्यंत' ठेवायचा म्हटले की मुदत राहत नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात १९६४ मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाला शेजारणीला फोनवरून अचकटविचकट बोलल्याबद्दल सुधारगृहात धाडले: वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षे. तेच बोलणे प्रौढ माणसाने केले असते तर जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. त्याच्या भल्यासाठीच चालले आहे म्हणून त्याला वकीलही दिला नव्हता. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रेमाने दिलेली शिक्षाही शिक्षाच असते. तिला माप हवे.

आता आमच्या खटल्याचे काय झाले ते सांगतो. निकाल लागायला चौदा महिने लागले. मुलाने गुन्हा कबूल केला. परिवीक्षा अधिकारी गावात येऊन गेले. त्यांच्या अहवालात दोन कामाच्या गोष्टी होत्या. चोरीचे मूळ गरिबीत कमी आणि मटक्याच्या उधारीत जास्त आहे. आणि ज्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला, तो त्याला परत कामावर घ्यायला तयार आहे. मिस्त्रीच जामीनदार राहिले. कोर्टाने मुलाला एक वर्षाच्या बंधपत्रावर सोडले आणि काकांना पंधराशे रुपये भरपाई द्यायला सांगितली. गावाला निकाल पटला नाही. "पोट्टं सुटलं," एवढीच गावाची प्रतिक्रिया.

मोटर मात्र सुटली नव्हती. मुद्देमाल म्हणून ती चौदा महिने ठाण्याच्या आवारात पडून होती. एक पावसाळा तिने उघड्यावर काढला. निकालापूर्वीही अर्ज करून ती सुपुर्दनाम्यावर परत मिळू शकली असती. काकांना ते ठाऊक नव्हते, आणि मला सुचले नाही. असा मुद्देमाल पंधरा दिवस ते महिनाभराहून अधिक काळ ठाण्यात पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे २००२ मध्ये बजावले. आमच्या वेळी मोटर घरी आली तेव्हा तिची बेअरिंगे जाम झाली होती आणि वाइंडिंग गेले होते. ती मिस्त्रींच्याच दुकानात गेली. कुणी बांधली ते मी विचारले नाही, पण काकांना मजुरीचे बिल आले नाही, हे मला माहीत आहे. भरपाईचे पैसे महिन्याला शंभर असे येत राहिले. काकांनी ते मोजून घेतले, पण त्या मुलाशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. एकदा मी सहज विषय काढला, तर म्हणाले, "पैसे देते, मानलं. पण तो माह्या विहिरीवर पानी पिऊन गेलेला पोरगा व्हता, साहेब." या नुकसानीला पंचनाम्यात रकाना नव्हता.

आज हाच गुन्हा झाला तर? १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे कलम आता ३०३. शिक्षा पूर्वीसारखीच तीन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण दुसऱ्यांदा चोरी सिद्ध झाली तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि एक नवी गोष्ट: चोरीचा माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल, दोषसिद्धी पहिलीच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची, म्हणजे समाजाच्या उपयोगाचे बिनमोबदल्याचे काम.

कल्पना चांगली आहे. तीत तिन्ही सिद्धांतांना थोडीथोडी जागा आहे. पण जुना बँकवाला त्या पाच हजारांच्या आकड्यापाशी थबकतो. वापरलेल्या मोटरीची किंमत ठरवायची कशी? नव्या मोटरीच्या भावाने धरली तर पोरगा पाच हजारांच्या वर जाईल आणि तुरुंगाचे दार उघडेल. घसारा काढून धरली तर खाली येईल आणि गावचा रस्ता झाडून सुटेल. गव्हाचे गेलेले सहा क्विंटल कोणत्याच रकान्यात येणार नाहीत. पंचनाम्यावरचा एक आकडा, जो ठाण्यातला कुणी अंदाजाने लिहितो, त्याच्यावर एका मुलाचे पुढचे आयुष्य ठरेल. चाळीस शिलिंग आणि एकोणचाळीस शिलिंग यांच्यामधली ती फट अडीचशे वर्षांनी आपल्याकडे उघडली आहे. म्हणून अशा खटल्यात वकिलाने आणि फिर्यादीनेही पहिले लक्ष किमतीच्या रकान्यावर ठेवावे. खरेदीची पावती, वर्ष, दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत. ज्याच्या हाती कागद आहे, त्याचा आकडा खरा ठरतो.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. तिन्ही सिद्धांतांत मला तरुणपणी सुधारणेचा सर्वांत आवडे आणि फळाचा सर्वांत रानटी वाटे. सूड म्हणजे मागासलेपण, असे आम्ही समजत होतो. आज माझे मत बदलले आहे. शिक्षा कशी असावी, हे सुधारणेने ठरवावे. मुलाला मिस्त्रीच्या दुकानात परत पाठवणे हाच त्या खटल्यातला शहाणपणा होता. चोरी पकडली जाईल याची व्यवस्था करणे हे जरबेचे काम, आणि ते तपासाने, भंगाराच्या दुकानांवरच्या नजरेने, कोरलेल्या नावाने होते; काठीने नाही. पण शिक्षा कुणाला, आणि जास्तीत जास्त किती, या दोन प्रश्नांवर मात्र फळाच्या सिद्धांताचाच पहारा हवा. कारण तो एकटाच म्हणतो, की ज्याने केले त्यालाच, आणि केले तेवढेच. जरबेला कुणीही चालतो. सुधारणेला कितीही दिवस चालतात. 'ज्याने केले त्यालाच' हे चोराला धमकावणारे वाक्य आहे, असे मी समजत होतो. ते खरे तर गर्दीला अडवणारे वाक्य आहे.

त्या कसोटीवर आमच्या मोटरीचा शेवटचा हिशेब असा निघतो. चोराला अडतीस दिवस कच्ची कैद, एक वर्षाचे बंधपत्र आणि पंधराशे रुपये. भंगारवाल्याला तारखांच्या खेपा. आणि ज्यांनी चोरी केलीच नाही त्या दोघांना दोन रात्रींची मारहाण. तिला निकाल नाही, भरपाई नाही, मुद्देमाल नाही. त्या खटल्यातली सर्वांत कडक शिक्षा त्यांना झाली. महिनाभरात ती पाले उठली. कुठे गेली, कुणी विचारले नाही.

नट डब्यात नीट ठेवलेले मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. सांगायला तिसरा दिवस उजाडला. मधल्या दोन रात्री माझ्या नावावर आहेत. त्या कोणत्याही कलमात बसत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.